कच्च्या खर्ड्याची छाटणी : आधी काय, नंतर काय

गेल्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा माझ्याकडे आणून दिला. तिचा विषय स्वातंत्र्योत्तर ग्रामीण कादंबरीतील निवेदनाचा होता आणि हे प्रकरण व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'विषयी होते. खर्डा वाचून मी तिला एवढेच सांगितले की, यात पाल्हाळ फार आहे, तो काढ. आठ दिवसांनी ती सुधारलेले प्रकरण घेऊन आली. तिने मनापासून काम केले होते आणि तरीही प्रकरण पूर्वी होते तिथेच होते. दोष तिचा नव्हता, माझ्या सूचनेचा होता. खर्ड्यातून काय काढायचे हे आपण शिक्षक विद्यार्थ्यांना कधी कधी सांगतो. ते कोणत्या क्रमाने काढायचे हे मात्र सहसा सांगत नाही. माझ्या मते सगळी अडचण या क्रमात आहे, म्हणून त्या प्रकरणातील एकच परिच्छेद तिच्या अनुमतीने येथे देऊन हा मुद्दा मांडते.

"बनगरवाडी ही व्यंकटेश माडगूळकर यांची एक अत्यंत महत्त्वाची कादंबरी आहे. मराठी ग्रामीण साहित्यात या कादंबरीला अनन्यसाधारण स्थान आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. प्रस्तुत कादंबरीमध्ये लेखकाने ग्रामीण जीवनाचे अत्यंत वास्तव असे चित्रण केलेले दिसून येते. माणदेशातील धनगर समाजाचे जीवन, त्यांच्या चालीरीती, रूढी, परंपरा, सुखदुःखे यांचे जिवंत व वास्तव चित्रण लेखकाने या कादंबरीत केले आहे. या कादंबरीचा निवेदक एक शिक्षक आहे. तो बाहेरून गावात आलेला असल्यामुळे गावाकडे तटस्थपणे पाहतो. त्यामुळे कादंबरीतील चित्रण वास्तव झाले आहे. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो व गाव ओस पडते. अशा प्रकारे लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव दर्शन घडवून मराठी कादंबरीला एक नवे परिमाण प्राप्त करून दिले आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते."

एकूण 9 वाक्ये आणि 105 शब्द. 'वास्तव' हा शब्द चार वेळा आणि 'कादंबरी' आपल्या निरनिराळ्या विभक्तिरूपांसह आठ वेळा आलेला आहे. हा परिच्छेद कुणाला हास्यास्पद वाटेल असे मला वाटत नाही. आपल्या विभागांतून दरवर्षी सादर होणाऱ्या प्रबंधांत अशी पानेच्या पाने आढळतात, आणि त्यांवर आपण सह्या केलेल्या असतात.

माझी सूचना ऐकून विद्यार्थिनीने पहिल्या फेरीत जे केले ते असे. दोन्ही 'अत्यंत' काढले. 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये' हे शेपूट काढले. 'वास्तव असे चित्रण केलेले दिसून येते' याचे 'वास्तव चित्रण केले आहे' झाले. शेवटचे 'हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते' गेले. सगळे मिळून 15 शब्द कमी झाले आणि 90 राहिले. काढलेल्यापैकी एकही शब्द ठेवण्यासारखा नव्हता, हे मान्य. परंतु नऊच्या नऊ वाक्ये शाबूत राहिली. भरताड शब्द गेल्यामुळे ती वाक्ये आता अधिक आत्मविश्वासाने बोलू लागली, एवढाच फरक पडला. 'अनन्यसाधारण स्थान आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये' या वाक्यात निदान थोडा संकोच होता. 'अनन्यसाधारण स्थान आहे' यात तोही उरला नाही. शब्दांपासून सुरू केलेल्या छाटणीचा हा धोका असतो. ज्या वाक्याला मुळात जागाच नाही ते वाक्य आपण घासूनपुसून नीट बसवतो, आणि एकदा त्यावर श्रम केले की मग ते काढवत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत आम्ही शब्दांकडे पाहायचे नाही असे ठरवले आणि केवळ विधाने तपासली. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते. वाक्यातील पुस्तकाचे व लेखकाचे नाव झाकायचे आणि तिथे त्याच प्रकारातील दुसरे नाव ठेवायचे. येथे आम्ही उद्धव शेळके यांची 'धग' घेतली. 'धग ही उद्धव शेळके यांची महत्त्वाची कादंबरी आहे.' बिनतक्रार बसले. 'मराठी ग्रामीण साहित्यात या कादंबरीला अनन्यसाधारण स्थान आहे.' हेही बसले. आणि दोन कादंबऱ्यांना एकाच वेळी अनन्यसाधारण स्थान असेल तर त्या शब्दाचे काय करायचे, हा प्रश्न विद्यार्थिनीने स्वतःच विचारला. तिसरे वाक्य बसले. चौथ्यात माणदेशाच्या जागी वऱ्हाड घातले आणि धनगरांचे नाव बदलले की तेही बसले, कारण चालीरीती, रूढी, परंपरा आणि सुखदुःखे जगातल्या कोणत्याही गावात असतातच. सातवे बसले, नववे बसले. न बसणारी वाक्ये फक्त तीन निघाली : निवेदक शिक्षक आहे, तो बाहेरून आलेला असल्यामुळे तटस्थपणे पाहतो, शेवटी दुष्काळाने गाव ओस पडते. या तिन्ही वाक्यांचे मिळून 22 शब्द होतात.

"मॅडम, मग उरलं काय?" असे ती म्हणाली. तिच्या आवाजातली भीती मला ओळखीची होती. माझा स्वतःचा प्रबंध चारशेहून अधिक पानांचा होता. त्याच्या मौखिकीच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक पान उघडले, 'युगप्रवर्तक' या शब्दावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "कोणतं युग संपलं आणि कोणतं सुरू झालं?" मला उत्तर देता आले नाही. पदवी मिळाली, पण ते बोट अजून आठवते. संदिग्ध विधान लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटते, कारण त्याला कुणी खोटे ठरवू शकत नाही. पण कुणी ते सिद्ध करायला सांगितले की त्याच कारणाने आपल्यापाशी दाखवायला काही नसते.

संदिग्ध विधान सापडल्यावर ते लगेच काढायचे असेही नाही. आधी त्याला विचारून पाहावे की, तुला खरे ठरायचे असेल तर काय दाखवावे लागेल? 'मराठी कादंबरीला एक नवे परिमाण प्राप्त करून दिले' हे विधान घ्या. 'नवे' म्हणायचे तर आधीचे काय होते ते दाखवले पाहिजे, म्हणजे र. वा. दिघे यांच्या 'पाणकळा'सारखी आधीची एखादी कादंबरी शेजारी ठेवून तिच्यातील निवेदन कसे आहे आणि 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बनगरवाडी'त ते कसे बदलले, हे सांगितले पाहिजे. ते काम करायचे असेल तर एक वाक्य पुरणार नाही, आठ-दहा पाने लागतील आणि ती प्रबंधाच्या मध्यवर्ती विषयाला धरूनच होतील. करायचे नसेल तर वाक्य गेले पाहिजे. तिसरा मार्ग नाही. विद्यार्थिनीने त्या वेळी वाक्य काढले आणि वहीत वेगळे टिपून ठेवले. हे मला आवडले. खर्ड्यातले काही संदिग्ध दावे खरे म्हणजे न लिहिलेल्या प्रकरणांची नावे असतात.

'अनेक समीक्षकांनी म्हटले आहे', 'असे मानले जाते', 'सर्वश्रुत आहे' या वाक्यांचीही अशीच विचारपूस करावी. मानणारे कोण? किमान एक नाव, ग्रंथ आणि पृष्ठांक देता आला तर विधान ठेवावे व कर्मणी प्रयोग बदलून त्या समीक्षकाला कर्ता करावे. देता येत नसेल तर ते आपलेच मत असते, किंवा कुणाचेच नसते. आपले असेल तर 'मला वाटते' म्हणण्यात कमीपणा नाही.

आता उरलेल्या तीन वाक्यांकडे वळू. पाल्हाळाचे डोंगर बाजूला झाल्यावर ती उघडी पडली आणि मधल्या वाक्यातील 'तटस्थपणे' हा शब्द पहिल्यांदा नीट दिसला. एकशे पाच शब्दांच्या गर्दीत तो माझ्याही नजरेतून सुटला होता. मी विचारले, "हा मास्तर तटस्थ आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण तालीम तर तोच बांधायला लावतो." तेव्हा आमच्या लक्षात आले की परिच्छेदातील एकमेव खरा दावा चुकीचा होता. 'बनगरवाडी'तील शिक्षक बाहेरून येतो हे खरे. पण तो कडेला उभा राहून गाव न्याहाळत नाही. शाळा चालवता चालवता तो गावाच्या भानगडींत, कामांत आणि मायेत ओढला जातो. तालमीच्या बांधकामात तो पुढाकार घेतो. 'बाहेरचा, म्हणून तटस्थ' हे अनुमान पाठ्यपुस्तकातून आले होते, कादंबरीतून नव्हे; आणि 'वास्तव', 'जिवंत', 'दर्शन' या शब्दांच्या आडोशाला ते निवांत बसले होते. पाल्हाळाविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हा आहे. तो वाचकाचा वेळ घेतो हे ठीकच. पण लेखकाला स्वतःची चूक दिसू देत नाही, हे अधिक गंभीर आहे.

विद्यार्थिनी घरी गेली, कादंबरी पुन्हा वाचली आणि हा परिच्छेद लिहून आणला :

"बनगरवाडीचा निवेदक गावाबाहेरून आलेला शिक्षक आहे, पण तो केवळ पाहणारा राहत नाही. तालमीच्या बांधकामात तो पुढाकार घेतो आणि गाव त्याच्या बरोबरीने कामाला लागते. म्हणून अखेरीस दुष्काळाने गाव ओस पडते तेव्हा निवेदक त्या घटनेचा साक्षीदार तेवढाच नसतो. त्याने उभे केलेलेही त्या गावाबरोबर ओस पडते."

हे 43 शब्द आहेत. पहिल्या फेरीतील 90 शब्दांच्या निम्म्याहून कमी. पण शिल्लक राहिलेल्या 22 शब्दांच्या जवळजवळ दुप्पट. छाटणी नीट झाली की मजकूर काही ठिकाणी वाढतो, हे येथे ध्यानात घ्यावे. मोकळ्या झालेल्या जागेत पुरावा येतो. या परिच्छेदाशी कुणाला वाद घालता येईल. तालमीचे काम हा गुंतलेपणाचा पुरावा मानावा का, असे कुणी विचारू शकेल. आधीच्या परिच्छेदाशी वाद घालणे अशक्य होते.

विधानांनंतर पुनरुक्ती. एका परिच्छेदातील पुनरुक्ती डोळ्यांना दिसते, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. 'चित्रण' काढून 'दर्शन' लिहिले तरी वाक्य तेच राहते, एवढे सांगितले की पुरे. अवघड असते ती प्रकरणभर पसरलेली पुनरुक्ती, आणि तिचे मूळ आपल्या प्रबंधांच्या ठरीव सांगाड्यात आहे. कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, निवेदन, भाषाशैली असे पाच उपविभाग एकदा पाडले की एकच प्रसंग पाच ठिकाणी सांगावा लागतो. या प्रकरणात तालमीचा प्रसंग तीन वेळा आला होता : कथानकात सारांशासाठी, व्यक्तिरेखांत शिक्षकाच्या स्वभावासाठी आणि वातावरणात ग्रामजीवनासाठी. तिन्ही ठिकाणी तो साधारण सारख्याच शब्दांत होता आणि ज्या निवेदनाच्या विभागात तो खरोखर हवा होता तिथे मात्र नव्हता.

अशी पुनरुक्ती सलग वाचताना सापडत नाही, कारण दोन उल्लेखांमध्ये दहा पाने गेलेली असतात. त्यासाठी प्रकरणाची छापील प्रत घ्यावी आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो काय सांगतो हे एका वाक्यात लिहावे. विषय लिहून भागत नाही. 'शिक्षकाचा स्वभाव' असे न लिहिता 'शिक्षक गावाच्या कामात पुढाकार घेतो' असे पूर्ण वाक्य लिहावे. मग फक्त समासातील वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून तेवढीच वाचावीत. जिथे वाक्य लिहिताच येत नाही तो परिच्छेद रिकामा आहे. जिथे दोन वाक्ये एकच निघतात तिथे एक परिच्छेद जास्त आहे. कोणता ठेवायचा? ज्या ठिकाणी त्या प्रसंगावरून काही निष्कर्ष काढलेला आहे तो ठेवावा. जिथे तो केवळ सांगितला आहे तो काढावा. विद्यार्थिनीच्या 38 पानांच्या प्रकरणातून या एका कागदामुळे सुमारे नऊ पाने गेली आणि कथानकाचा उपविभाग दीड पानाचा झाला.

येथे एक इशारा द्यायला हवा. शाळेत आपल्याला शिकवलेले असते की तोच शब्द पुन्हा वापरू नये. त्या शिकवणीमुळे विद्यार्थी 'निवेदक' या शब्दाची पुनरुक्ती टाळण्यासाठी पुढच्या वाक्यात 'लेखक', त्यापुढे 'कथाकार' आणि मग 'मास्तर' असे लिहितात. ललित गद्यात हे खपेल. समीक्षेत हा घोटाळा आहे. प्रथमपुरुषी निवेदन असलेल्या 'बनगरवाडी'त निवेदक आणि लेखक यांतला भेद हाच प्रकरणाचा विषय असताना तर तो अक्षम्य आहे. संज्ञा कितीही वेळा आली तरी तीच ठेवावी. पुनरुक्ती विचाराची काढायची असते, संज्ञेची नव्हे.

सगळ्यात शेवटी शब्द. तोवर काम इतके कमी उरलेले असते की ते एका बैठकीत होते. 'या ठिकाणी', 'अशा प्रकारे', 'प्रस्तुत', 'करण्यात आलेले आहे', 'प्राप्त करून दिले' ही मंडळी एकेक करून निरोप घेतात. 'अशा प्रकारे'ने सुरू होणारे वाक्य बहुतेक वेळा संपूर्णच काढता येते, कारण ते आधीचे सांगितलेलेच सांगत असते. मात्र येथेही सरसकट कात्री चालवू नये. 'बहुधा', 'निदान', 'या आवृत्तीपुरते', 'उपलब्ध पत्रांवरून' हे शब्द भरताड दिसतात आणि नसतात. ते दाव्याची मर्यादा सांगतात. ते काढले की वाक्य ठसठशीत होते आणि खोटेही होते. 'च' या अव्ययाबाबत याच्या उलट सावधगिरी हवी. तो एका अक्षराचा आहे म्हणून नजरेतून सुटतो, पण 'ग्रामीण कादंबरीतच हे घडते' असे म्हटले की बाकीच्या साऱ्या कादंबऱ्या वाचल्याचा दावा होतो. आणि उद्धृतातले एकही अक्षर छाटू नये, मूळ लेखक कितीही पाल्हाळिक असो.

छाटणी बिघडली हे कशावरून ओळखावे, असे एका सहकाऱ्याने विचारले. माझे उत्तर असे की, छाटलेल्या पानावर विशेषणे राहिली आणि प्रसंग गेले, तर ती बिघडली. पाने कमी करण्याची घाई असली की माणूस आधी उदाहरणे काढतो, कारण ती लांब असतात. 'सखोल', 'समर्थ', 'प्रत्ययकारी' हे शब्द आखूड असल्यामुळे वाचतात.

आता आपल्याविषयी थोडे. हा पाल्हाळ विद्यार्थी घरून आणत नाहीत. पंधरा गुणांच्या प्रश्नाचे उत्तर किती पानांचे हवे, हे पदवीच्या पहिल्या वर्षापासून आपणच अप्रत्यक्षपणे सांगत आलो आहोत. दीड पानात नेमके उत्तर लिहिणाऱ्याला आपण आठ गुण देतो आणि चार पाने भरणाऱ्याला दहा. तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोठा असला की लांबी हेच अभ्यासाचे चिन्ह वाटू लागते. मीही असे गुण दिले आहेत. त्याच विद्यार्थ्याला पाच-सहा वर्षांनी प्रबंध लिहिताना 'पाल्हाळ काढ' म्हणणे म्हणजे ज्या सवयीवर तो इथवर आला तीच टाकायला सांगणे होय. शिवाय त्याच्या समोर ग्रंथालयातले आधीचे जाडजूड प्रबंध असतात. या विद्यार्थिनीला एका हितचिंतकाने सांगितलेच होते की, नव्या खर्ड्यात भारदस्तपणा राहिला नाही आणि प्रकरण बारीक दिसते.

प्रकरण बारीक दिसते हे खरे आहे. ते आता 24 पानांचे आहे. त्यातील सहा पाने दुष्काळाच्या भागातील निवेदनावर आहेत. पहिल्या खर्ड्यात त्या भागाला 'दुष्काळ पडतो व गाव ओस पडते' हे सहा शब्द मिळाले होते. वहीत टिपून ठेवलेल्या 'नव्या परिमाणा'साठी तिने 'पाणकळा' वाचायला घेतली आहे, आणि ते वाक्य परत येणार की नाही हे अजून ठरलेले नाही.